देवाला आवडतं म्हणून चांगलं, की चांगलं म्हणून देवाला आवडतं?

भुट्ट्याचाकीस
मंडळी, एक प्रश्न डोक्यात बसलाय, चार दिवस झाले निघत नाहीये. चातुर्मास चालू आहे, त्यामुळे रामबागेत आमच्या एका नातेवाइकांकडे कीर्तन होतं. बुवा छान होते, आवाज तर काय सांगू. पूर्वरंगात ते म्हणाले, "देवाला आवडतं ते पुण्य, नावडतं ते पाप, याच्यापुढे शास्त्र नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या, मी पण.

परत येताना राजवाड्यापाशी आमचे चिरंजीव (सातवीत आहेत) विचारतात, "आई, उद्या देव म्हणाला की मला खोटं बोललेलं आवडतं, तर खोटं बोलणं पुण्य होणार का?" मी म्हटलं देव असं म्हणणारच नाही. तर म्हणे का नाही म्हणणार? मी म्हटलं अरे कारण खोटं बोलणं वाईट असतं. तर हा म्हणतो, "मग ते देवाने सांगायच्या आधीच वाईट होतं ना? मग देवाने काय केलं?"

मी सराफ्यात नेऊन भुट्ट्याचा कीस खायला घातला आणि विषय बंद केला. पण बंद झाला नाही. कोणाकडे नीट उत्तर आहे का? "मोठा झाल्यावर कळेल" हे देऊन झालंय.

विजयनगरचा_विज्ञानवादी
ताई तुमचा मुलगा हुशार आहे. हा प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वी सॉक्रेटिसने विचारलेला आहे, प्लेटोच्या 'युथिफ्रो' नावाच्या संवादात. आणि त्यातून सरळ सिद्ध होतं की देव नाही. देवाच्या सांगण्याने चांगलं ठरत असेल तर ती मनमानी झाली, आणि आधीच चांगलं असेल तर देवाची गरज नाही. दोन्हीकडून देव आउट. विषय संपला.

ग्वाल्हेरचा_पाहुणा
झालं सुरू. कोणी काही विचारलं की लगेच देव नाही. अहो ताईंनी देव आहे की नाही विचारलंच नाहीये. आमच्या ग्वाल्हेरला आजोबा रोज विष्णुसहस्रनाम म्हणायचे आणि आयुष्यात कोणाचा एक पैसा बुडवला नाही, त्यांना कुठला सॉक्रेटिस माहीत होता? श्रद्धा ठेवा, मुलाला श्लोक शिकवा, असे प्रश्न पडणार नाहीत.

भुट्ट्याचाकीस
पाहुणे, श्लोक येतात हो त्याला. श्लोक म्हणूनच तर कीर्तनाला नेलं होतं 😄

जुना_होळकरी
मी संस्कृत शिकवायचो, आता रिटायर आहे, वेळ भरपूर आहे म्हणून जरा लांब लिहितो.

विज्ञानवादी, प्रश्न तुम्ही बरोबर ओळखलात पण निकाल चुकीचा लावलात. त्या संवादात देव नाही असं कोणी सिद्ध करत नाही, देव आहेत हे दोघांनाही मान्य आहे. तिथे भांडण 'चांगलं' या शब्दात काय आहे याचं आहे. आणि ज्या प्रसंगातून तो प्रश्न निघतो तो लोक सांगत नाहीत, फक्त प्रश्न सांगतात. प्रसंग असा. ख्रिस्तपूर्व ३९९. सॉक्रेटिसवर अधर्माचा खटला भरलाय, तो कोर्टाच्या ओसरीत उभा आहे. तिथे युथिफ्रो भेटतो, तो स्वतःच्या बापावर खुनाचा दावा लावायला आलाय. झालं काय होतं, नॅक्सॉस बेटावर यांची शेती होती, तिथे यांच्याकडे राबणाऱ्या एका गड्याने दारूच्या नशेत घरच्या एका गुलामाचा गळा चिरला. बापाने त्या गड्याचे हातपाय बांधून खड्ड्यात टाकला आणि आता याचं काय करायचं हे धर्माधिकाऱ्याला विचारायला अथेन्सला माणूस धाडला. तो परत येईपर्यंत गडी थंडीने आणि उपासाने मेला.

आता घरचे सगळे म्हणतायत बापावर खटला भरणं पाप आहे, आणि युथिफ्रो म्हणतो हेच पुण्य आहे, देवांनीही आपल्या बापाला बेड्या घातल्या होत्या. गंमत बघा, बाप थांबला होता कशासाठी, तर वरून आज्ञा येऊ दे म्हणून. आज्ञेची वाट बघताना माणूस मेला. हे प्लेटोने उगाच घातलंय असं मला तरी वाटत नाही.

मग सॉक्रेटिस विचारतो की पुण्य म्हणजे काय. युथिफ्रो म्हणतो देवांना आवडतं ते. सॉक्रेटिस म्हणतो देव तर आपसात भांडतात, एकाला आवडतं ते दुसऱ्याला नाही. युथिफ्रो म्हणतो बरं, सगळ्या देवांना आवडतं ते. आणि इथे तो प्रश्न येतो, जो ताईंच्या चिरंजीवांनी राजवाड्यापाशी विचारला.

सराफा_कसोटी
होळकरी काका नमस्कार. आमची तीन पिढ्या सराफ्यात बैठक आहे, तत्त्वज्ञान येत नाही पण हे मला धंद्यातून समजतंय असं वाटतं, चुकलं तर सांगा.

गिऱ्हाईक बांगडी आणतं, मी कसोटीवर घासतो, म्हणतो बावीस कॅरेट आहे. आता बांगडी मी म्हटलं म्हणून बावीस कॅरेट झाली का? नाही. ती ९१६ होतीच, म्हणून मी तसं म्हटलं. सराफ्यातल्या सगळ्यांनी एका आवाजात म्हटलं तरी पितळेचं सोनं होत नाही. पण खिशातली पाचशेची नोट घ्या. ती कागदच आहे, सरकार म्हणतं म्हणून पाचशे. ८ नोव्हेंबर २०१६ ला रात्री आठला टीव्हीवर भाषण झालं आणि मध्यरात्रीपासून तेव्हाची पाचशेची नोट बाजारात बंद. कागद तोच, शाई तीच. त्या रात्री आमच्याकडे काय गर्दी झाली होती ते सांगत नाही 🙏

म्हणजे प्रश्न असा आहे का, की पुण्य हे सोन्यासारखं आहे की नोटेसारखं?

जुना_होळकरी
वा! तीस वर्षं शिकवून मला हे सुचलं नाही.

अगदी तेच. आणि सॉक्रेटिसचा पुढचा डाव तुमच्या बांगडीने दोन वाक्यांत होतो. तो युथिफ्रोला कबूल करायला लावतो की देवांना पुण्य आवडतं ते पुण्य आहे म्हणूनच. म्हणजे बांगडीची बाजू त्याने घेतली. झालं, आता त्याला नोटेची व्याख्या देता येणार नाही. देवांना ती आवडते ही बांगडीच्या बाबतीत *घडलेली* गोष्ट आहे, बांगडी *काय आहे* ते त्यातून कळत नाही. सगळे सराफ हिला बावीस म्हणतात ही माहिती खरी असेल, पण त्यात तांबं किती, सोनं किती ते कुठे आलं? सॉक्रेटिस म्हणतो, बाबा रे, मी पुण्याचं स्वरूप विचारलं आणि तू मला त्याचा फक्त एक गुण सांगितलास.

पण लक्षात घ्या, युथिफ्रोने ते कबूल केलं म्हणून तो हरला. नोटेची बाजू घट्ट धरून बसला असता तर हा डाव लागलाच नसता. मग दुसरी अडचण आली असती, मध्यरात्रीची.

विजयनगरचा_विज्ञानवादी
मी तेच म्हणतोय ना, मनमानी. उद्या देवाने भाषण दिलं की आजपासून चोरी पुण्य, तर पुण्य. अब्राहमला मुलाचा बळी दे म्हटलं तर निघाला की तो सुरी घेऊन. बायबलातच आहे.

ग्वाल्हेरचा_पाहुणा
बळी दिला नाही, देवाने शेवटी थांबवलं. अर्धं सांगू नका.

विजयनगरचा_विज्ञानवादी
थांबवलं ते ठीक, पण निघाला होता त्याचं काय? थांबवण्याच्या आदल्या मिनिटाला मुलाला मारणं कर्तव्य होतं की पाप?

सुदामानगरची_सून
मी हा धागा दोनदा वाचला, सगळं कळलं असं नाही, पण आमच्या घरात एक भांडण चालू आहे ते सांगते कारण मला वाटतं ते हेच आहे, किंवा नसेलही.

सासूबाईंनी खजराण्याच्या गणपतीला नवस केला होता की नातू झाला तर एकावन्न जणांना जेवण घालीन. नात झाली. त्यांनी मनात नवस बदलला, म्हणे नात पण देवाचीच, जेवण घालायचंच. आता गेल्या वर्षी ह्यांची नोकरी गेली, हप्ते चालू आहेत, एकावन्न पानं म्हणजे साधं श्रीखंड-पुरीचं केलं तरी खर्च आहेच. मी म्हटलं पुढच्या वर्षी करू. सासूबाई म्हणतात नवस मोडणं पाप. मी म्हटलं कर्ज काढून जेवण घातलेलं देवाला आवडेल का? तर त्या म्हणाल्या, "आवडण्याचा प्रश्न नाही, शब्द दिलाय."

हे ऐकून मी गप्प झाले. कारण त्या देवाच्या आवडीवर बोलतच नव्हत्या.

जुना_होळकरी
सूनबाई, तुमच्या सासूबाई तुम्ही समजता त्यापेक्षा मुद्द्याला जास्त धरून बोलल्या. अवांतर वाटेल पण सांगतो.

या प्रश्नावर अलीकडच्या काळात देवाच्या बाजूने सगळ्यात नेटकं काम रॉबर्ट अ‍ॅडम्स नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञाने केलं. सुरुवात १९७३ चा लेख, मग १९७९ मध्ये त्याने स्वतःचंच म्हणणं बदललं, आणि १९९९ ला मोठं पुस्तक. त्यात तो एक गाठ सोडवतो जी आपण सगळे बांधून बसलोय. म्हणतो, 'चांगलं' आणि 'केलंच पाहिजे' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. सराफा भाऊंच्या भाषेत सांगायचं तर चांगुलपणा सोन्यासारखा, कर्तव्य नोटेसारखं.

म्हणजे कसं, शेजाऱ्याच्या म्हाताऱ्या आईला रोज पेपर वाचून दाखवणं चांगलं आहे, पण नाही दाखवला तर तुम्ही कोणाचे गुन्हेगार नाही. कर्तव्य असतं तिथे कोणीतरी *मागणारं* असतं, ज्याच्यासमोर आपण तोंड लपवतो. अ‍ॅडम्स म्हणतो कर्तव्य हे नात्यातून येतं, आणि सगळ्यात मोठं नातं देवाशी असल्यामुळे त्याची आज्ञा म्हणजे कर्तव्य. चांगुलपणा मात्र आज्ञेने ठरत नाही, तो देवाच्या स्वभावाशी किती मिळताजुळता आहे यावर ठरतो. आणि आज्ञा सुद्धा कुठल्याही देवाची नाही, *प्रेमळ* देवाची. क्रूर आज्ञा आली तर ती पाळायचं बंधन नाही.

सासूबाईंचा शब्द दुसऱ्या खात्यातला आहे. आवड वेगळी, देणं वेगळं.

सुदामानगरची_सून
पण काका, गणपतीने मागितलंच नव्हतं. ह्याच गेल्या होत्या द्यायला.

जुना_होळकरी
😄 याला अ‍ॅडम्सकडे काय उत्तर आहे मला आठवत नाही, बहुतेक नसावं. पण शब्द दिल्यावर समोरच्याला मागायचा हक्क तयार होतो, आधी नसला तरी. तुम्ही शेजारणीला स्वतःहून म्हटलं उद्या डबा देते, तर उद्या ती वाट बघणार. आणि हेही खरं की शेजारीण समजूतदार असली तर पुढच्या वर्षीवर राजी होते. गणपतीशी बोलणी करायला हरकत नसावी.

मीटरवाला_पीथमपूर
मला प्रेमळवर आक्षेप आहे. आमच्या क्वालिटी डिपार्टमेंटमध्ये असं कोणी लिहिलं असतं तर रिपोर्ट परत गेला असता. तुम्ही म्हणता प्रेमळ देवाचीच आज्ञा धरायची. का बरं प्रेमळच, लहरी का नाही? कारण प्रेम चांगलं असतं. ते देवाने ठरवलं का? नाही, ते आधीच ठरलं होतं. मग पोराचा प्रश्न एक पायरी खाली सरकला फक्त, सुटला कुठे?

जुना_होळकरी
बरोबर पकडलंत, आणि हाच आक्षेप सगळ्यात जास्त घेतला गेलाय. त्यावर विल्यम ऑल्स्टन म्हणून एक तत्त्वज्ञ होता, त्याने तुमच्याच धंद्यातलं उत्तर दिलं. पॅरिसजवळ मीटरची प्रमाण पट्टी ठेवलेली होती. टेबल एक मीटर लांब का? तर त्या पट्टीएवढं आहे म्हणून. पण पट्टी एक मीटर का, हा प्रश्नच बरोबर नाही, तीच माप आहे. तसं देव हेच चांगुलपणाचं माप. देवाच्या वर कुठला नियम नाही आणि देवाने तो बनवलाही नाही. तो स्वतः तो आहे. कुठेतरी थांबावं लागतंच, नास्तिकालाही 'प्रेम चांगलं' इथे थांबावं लागतं. मग नियमाऐवजी देवापाशी थांबलो तर काय बिघडलं?

मीटरवाला_पीथमपूर
काका ती पट्टी १९६० मध्येच रिटायर झाली! तुमच्यासारखी 😀 त्यानंतर क्रिप्टॉनच्या प्रकाशाच्या लहरी आणि १९८३ पासून प्रकाशाचा वेग, कारण धातूच्या पट्टीवर किती विश्वास ठेवणार, आणि ती एका ठिकाणी कुलपात, तिच्यापर्यंत पोचणार कोण. म्हणजे आम्ही मापालाच मापून बदललं.

आणि खरी गोष्ट अशी की पट्टी तेवढीच हवी असं काही बंधन नव्हतं. हातभर लांब घेतली असती तरी चाललं असतं, फक्त सगळ्यांनी तीच वापरायची. लांबीला हे चालतं. चांगुलपणाला चालेल का? देव वेगळ्या स्वभावाचा निघाला असता तर क्रूरपणा चांगला झाला असता, असं म्हणायचंय का? मला तर वाटतं पट्टीच्या उदाहरणाने काकांची केस पडली.

जुना_होळकरी
ऑल्स्टनची पडली, माझी नाही. तो म्हणेल देवाचा स्वभाव वेगळा असूच शकत नव्हता, पट्टीसारखा निवडलेला नाही तो. पण मग पट्टी आणलीच कशाला, हा तुमचा मुद्दा उभा राहतो. मान्य.

ग्वाल्हेरचा_पाहुणा
सगळं परदेशी चाललंय. प्लेटो, अ‍ॅडम्स, पॅरिस. आपल्याकडे याचं उत्तर नाही का? तुकोबांनी एका ओळीत सांगितलंय, *पुण्य पर उपकार पाप ते परपीडा*. देवाला आवडतं म्हणून असं म्हटलंय का त्यांनी कुठे?

भुट्ट्याचाकीस
पाहुणे!! तुम्ही तर सोन्याच्या बाजूला आलात की 😄 त्या ओळीत देवाचं नावच नाही.

ग्वाल्हेरचा_पाहुणा
मी कुठल्या बाजूला नाही. तुकोबांच्या बाजूला आहे.

जुना_होळकरी
पाहुण्यांनी बरी आठवण केली. आपल्याकडे या प्रश्नाचा असा एक प्रकार आहे जो ग्रीकांना सुचलाच नाही, आणि त्याबद्दल मला खरं बोलायचं होतं, बाकी सगळं प्रस्तावना होती.

मीमांसा, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणारं आपलं जुनं दर्शन. त्याचा सूत्रकार जैमिनी, त्याचं दुसरंच सूत्र आहे, *चोदनालक्षणोऽर्थो धर्मः*. चोदना म्हणजे वेदातली आज्ञा, हे कर असं सांगणारं वाक्य. धर्म कळतो तो फक्त आज्ञेने. ऐकायला अगदी बुवांसारखं आहे ना? पण पेच इथे आहे की मीमांसकांच्या मते वेद कोणी रचलेलेच नाहीत, ना माणसाने ना देवाने. कुमारिल भट्ट हा मोठा मीमांसक तर जग बनवणारा ईश्वरच नाकारतो. म्हणजे आज्ञा आहे, आज्ञा देणारा नाही.

सराफा भाऊ, ही रिझर्व्ह बँक नसलेली नोट झाली. तिला रात्री आठ वाजता भाषण देऊन बंद करणारं कोणी नाही.

सराफा_कसोटी
काका हे भारी आहे. म्हणजे 'उद्या देवाचं मन बदललं तर' हा पोराचा प्रश्न तिथे विचारताच येणार नाही, मन असणारंच कोणी नाही.

विजयनगरचा_विज्ञानवादी
एक मिनिट. मी आत्ता शोधलं, त्या सूत्रात 'अर्थ' असा शब्द आहे. म्हणजे आज्ञेने कळलेलं *आणि* हितकारक. मग मीमांसक सोन्याच्या बाजूचेच झाले की, नुसती आज्ञा पुरत नाही, वर हित पण पाहिजे. हित म्हणजे वेदाच्या बाहेरची कसोटी.

जुना_होळकरी
विज्ञानवादी, हे तुम्ही शोधून आणलंत याचा आनंद झाला आणि अर्धं बरोबर आहे. आता बाकीचं अर्धं.

तो शब्द कशाला घातला ते जैमिनीच्या सूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या शबराने सांगितलंय. वेदात श्येनयाग नावाचा एक याग आहे. श्येन म्हणजे ससाणा. *श्येनेनाभिचरन् यजेत*, ज्याला शत्रूला मारायचंय त्याने हा याग करावा. सरळ जारणमारण. आता वेदात 'करावा' असं आलंय म्हटल्यावर शत्रूला मंत्राने मारणं हा धर्म झाला का? शबर म्हणतो नाही, म्हणूनच सूत्रात 'अर्थ' हा शब्द आहे, श्येन हा अनर्थ आहे. इथपर्यंत तुमचं बरोबर.

पण पुढचा प्रश्न, अनर्थ *का*? इथे शबर 'कारण मारणं मुळातच वाईट' असं म्हणत नाही. तो म्हणतो ती हिंसा आहे, *आणि हिंसेचा निषेध केलेला आहे*. निषेध कुठे? वेदातच. म्हणजे नोट रद्द केली ती दुसऱ्या नोटेने, सोन्याने नाही. मग श्येनाचं वाक्य काय करतं? ते मारायला सांगत नाही, ज्याने आधीच मारायचं ठरवलंय त्याला उपाय कुठला तेवढं सांगतं. मारायची इच्छा त्याची स्वतःची, आज्ञेची नाही.

आणि हेच मीमांसक यज्ञातल्या पशूच्या बाबतीत काय म्हणतात? तिथे मारणं हा विधीचाच भाग आहे, वेदाने सांगितलेला, म्हणून पाप नाही. हिंसेचा निषेध तिथे लागू होत नाही. सांख्य हे आपलं दुसरं दर्शन, त्यांना हे पटलं नाही, सांख्यकारिकेत दुसऱ्याच कारिकेत वैदिक उपाय *अविशुद्ध* म्हटलाय, आणि टीकाकार त्याचा रोख पशुहिंसेकडेच लावतात. म्हणजे सांख्य म्हणतो बकऱ्याला लागतं ते लागतंच, आज्ञा काही म्हणो.

मीटरवाला_पीथमपूर
मग मीमांसेत काय सुटलं? मनमानी गेली कारण मन गेलं. पण 'हीच आज्ञा का, उलटी का नाही' हे तसंच आहे. न बदलणारी नोट झाली, तरी कागदच ना.

जुना_होळकरी
हो. पोराच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत हे मला मीमांसा शिकवताना कळलं, प्लेटो वाचताना नाही. एक, उद्या बदललं तर? दोन, आज तरी का? पहिला मीमांसेने सोडवला. दुसऱ्यावर मीमांसक म्हणेल 'का' विचारायला तुमच्याकडे वेदाशिवाय साधन काय आहे, डोळ्याने पुण्य दिसतं का? हे उत्तर आहे की गप्प बसवणं, यावर मी वर्गात दर वर्षी वेगळं बोललो असेन.

सुदामानगरची_सून
बकऱ्यावरून आठवलं, आमच्या माहेरी खंडोबाला बकरा होता, आजोबांनी बंद करून भरीत-रोडगा सुरू केला. कोणी विचारलं देवाने सांगितलं का, तर म्हणायचे "देवाने नाही, बकऱ्याने सांगितलं." सगळे हसायचे.

विजयनगरचा_विज्ञानवादी
हे बेस्ट आहे. काका, मी वरचं 'देव आउट' मागे घेतो. आउट नाही, पण थर्ड अंपायर पण नाही.

ग्वाल्हेरचा_पाहुणा
थर्ड अंपायर नाही तर कोण आहे मग? ते सांगा.

भुट्ट्याचाकीस
अपडेट: रात्री चिरंजीवांना सोनं आणि नोट सांगितलं, श्येनयाग पण सांगितला (ससाणा आवडला त्याला). ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आई, पण कसोटीचा दगड कुठून आणतात? तो बरोबर आहे हे कशावर घासून बघतात?"

सराफा भाऊ, आता तुम्हीच सांगा, खरंच कुठून आणता?

सराफा_कसोटी
आजोबांचा आहे ताई. माहीत असलेलं सोनं आधी घासतो, त्याची रेघ बघतो, मग गिऱ्हाइकाचं बाजूला घासून दोन्ही रेघांवर तेजाब लावतो. नुसत्या दगडाला काही कळत नाही, शेजारी खात्रीचं सोनं लागतंच. आणि ते पहिलं खात्रीचं सोनं कोणी खात्रीचं म्हटलं ते आजोबांनी सांगितलं नाही. मुलाला दुकानी घेऊन या, दाखवतो, रविवार सोडून.